हाताच्या एक्स-रेवरून उरलेली उंची: बोन एजबद्दल खान्देशातले आईबाप विचारतात ते प्रश्न

जळगावात मी मुलांचा दवाखाना चालवतो. दिवाळीची सुटी आणि उन्हाळ्याची सुटी या दोन हंगामांत ‘पोरगं वाढत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची रांग लागते, कारण सुटीत चुलत-मावस भावंडं एका अंगणात जमतात आणि कोण कोणाच्या खांद्याला लागतो ते सगळ्यांना दिसतं. त्यातल्या बऱ्याच जणांना मी बोन एज, म्हणजे हाडांचं वय, पाहायला डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच इथे लिहून ठेवतो आहे. मधेमधे एका मुलाची गोष्ट येईल. तो चोपडा तालुक्यातला, वडिलांची केळीची शेती, वय साडेतेरा, उंची 138 सेंटिमीटर.

उंची कमी आहे, मग हाताचा एक्स-रे कशाला? पायाचा का नाही?

उंची पायाच्या आणि पाठीच्या हाडांनी वाढते, हे खरंच. पण हाडं किती पिकली आहेत ते पाहायला हात सोयीचा आहे. बोटं, तळहात, मनगट आणि त्याच्या वरचं कोपराकडे जाणाऱ्या दोन हाडांचं टोक, एवढं सगळं एका छोट्या फिल्ममध्ये मावतं. पंचवीस-तीस हाडं एकदम दिसतात, आणि त्यातलं प्रत्येक आपापल्या ठरलेल्या वेळी बदलत असतं. हात छातीपोटापासून लांब असल्यामुळे किरणंही नाममात्र लागतात.

डावा हात हा केवळ संकेत आहे. पूर्वी ज्यांनी मुलांच्या फिल्म जमवून तक्ते केले, त्यांनी डावा हात घेतला होता. तुलना त्यांच्याशी करायची तर आपणही डावाच घ्यायचा. मूल डावखुरं असलं तरी फरक पडत नाही.

फिल्ममध्ये बोटांच्या हाडांत फटी दिसतात. हाड तुटलंय का?

चोपड्याच्या त्या मुलाचे वडील फिल्म खिडकीकडे धरून उभे होते आणि त्यांनी नेमकं हेच विचारलं. ‘डॉक्टर, हे प्रत्येक बोटात तुकडे तुकडे दिसतात. क्रिकेट खेळताना लागलं असेल का?’

त्या फटी म्हणजेच वाढीची जागा. लहान मुलाच्या लांब हाडाला टोकाशी एक छोटा वेगळा तुकडा असतो, आणि तो तुकडा व मुख्य हाड यांच्यामध्ये कुर्च्याचा एक पातळ पट्टा असतो. कुर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिथे काळी फट दिसते. या पट्ट्याला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. तिथे नव्या पेशी तयार होतात, त्यांचं हाड होतं आणि हाड लांबतं. वय वाढतं तसा टोकाचा तुकडा रुंद होतो, मग मुख्य हाडाच्या टोकावर टोपीसारखा बसतो, आणि शेवटी फट बुजून दोन्ही एकजीव होतात. फट बुजली की त्या हाडाची लांबी तिथेच थांबली.

बुजण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी बोटांची शेंड्याकडची हाडं, नंतर मधली हाडं आणि तळहातातली, आणि सगळ्यात शेवटी मनगटाच्या वरचं, अंगठ्याच्या बाजूचं मोठं हाड. म्हणून फिल्म हातात आली की अनुभवी माणसाची नजर आधी शेंड्यांवर आणि मग मनगटाच्या वर जाते.

केळीवाल्यांना हे एका वाक्यात कळतं. केळ निसवली, म्हणजे तिचा घड बाहेर पडला, की खोडातून नवं पान येत नाही. जे झाड उशिरा निसवतं ते तोवर वाढत राहतं. झाड निसवायला किती अवकाश आहे, तेवढंच आम्ही फिल्मवर बघतो.

बोन एजचा आकडा ठरतो कसा? मशीन सांगतं का?

बहुतेक ठिकाणी माणूसच सांगतो, समोर पुस्तक ठेवून. ग्रॉयलिक आणि पाइल या दोघांच्या अ‍ॅटलासमध्ये जन्मापासून पुढच्या प्रत्येक टप्प्याची एकेक नमुना फिल्म आहे, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. त्याची आज वापरात असलेली आवृत्ती 1959 ची. तुमच्या मुलाची फिल्म ज्या नमुन्याशी सगळ्यात जास्त जुळेल, ते त्याचं हाडांचं वय. दुसरी पद्धत टॅनर आणि व्हाइटहाउस यांची. तिच्यात प्रत्येक हाडाला वेगळे गुण देऊन बेरीज करतात. ती जास्त काटेकोर आहे, पण वेळ खाते. क्रिकेटच्या सोळा वर्षांखालील निवडीत वयाची खात्री करायला बीसीसीआय तिचीच तिसरी आवृत्ती वापरते.

चोपड्याच्या मुलाची फिल्म आम्ही अशी वाचली. टोकाचे तुकडे हाडाच्या रुंदीइतके झालेले होते, पण टोपीसारखे बसायला सुरुवात नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी एक वाटाण्याएवढं सुटं हाड येतं. मुलांमध्ये ते साधारण तेराच्या बोन एजला दिसतं, आणि ते आलं म्हणजे वयात येण्याची धावपळ सुरू झाली असं धरतात. याच्या फिल्ममध्ये त्याचा पत्ता नव्हता. फटी सगळ्या मोकळ्या. अकराच्या नमुन्याशी फिल्म तंतोतंत जुळली.

वय साडेतेरा, बोन एज अकरा. म्हणजे हाडं कमजोर आहेत? कॅल्शियम कमी आहे?

नाही. बोन एज हाडाची ताकद सांगत नाही, त्याचा प्रवास किती झाला ते सांगतं. भुसावळहून निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक अजून पाचोऱ्याला आहे आणि दुसरी चाळीसगावला पोचली, म्हणून पाचोऱ्याची गाडी बिघडलीच असं होत नाही. तिचा प्रवास फक्त जास्त उरला आहे.

एवढं मात्र आहे की मुडदूस असेल तर तो याच फिल्मवर सापडतो. मनगटाजवळची हाडाची टोकं पसरट आणि वाटीसारखी खोलगट दिसतात, कड विसविशीत दिसते. तसं नसेल तर ‘बोन एज कमी’ एवढ्यावरून कॅल्शियमच्या बाटल्या सुरू करण्यात काही अर्थ नाही.

निरोगी मुलांतही बोन एज खऱ्या वयाच्या वर्षभर पुढेमागे असतं. या वयात दोन वर्षांपर्यंतचा फरक आम्ही नेहमीच्या कक्षेत धरतो. अडीच वर्षांचा फरक हा त्या कक्षेबाहेरचा आहे, म्हणून या मुलाचं पुढचं सगळं नीट पाहिलं.

मग शेवटी उंची किती होणार? हिशोब दाखवा.

आधी आईवडिलांवरून. मुलासाठी दोघांची उंची मिळवायची, तिच्यात 13 मिळवायचे आणि दोनाने भागायचं. मुलीसाठी 13 वजा करायचे. वडील 165, आई 152:

(165 + 152 + 13) ÷ 2 = 165

म्हणजे या घराण्यातल्या मुलाची उंची 165 च्या आसपास, वरखाली आठेक सेंटिमीटर धरून, अपेक्षित आहे. इथे एक सूचना. आईवडिलांची उंची आम्ही दवाखान्यात मोजतो. विचारून घेतलेली वडिलांची उंची हमखास दोन-तीन सेंटिमीटर जास्त निघते. लग्नाच्या बायोडाट्यातली उंची तर हिशोबात धरूच नये.

आता एक्स-रेवरून. बेली आणि पिनो या दोघांनी 1952 मध्ये तक्ते दिले, ते अजून चालतात. त्यांची कल्पना सोपी आहे. अमुक बोन एजला मुलाने आपल्या अंतिम उंचीचा अमुक टक्का गाठलेला असतो. बोन एज वयाच्या मानाने मागे असलेल्यांसाठी, बरोबरीने असलेल्यांसाठी आणि पुढे असलेल्यांसाठी वेगळे रकाने आहेत. बोन एज अकरा आणि तेही वर्षापेक्षा जास्त मागे, अशा मुलाने सुमारे 82.3 टक्के उंची गाठलेली असते.

138 ÷ 0.823 = 167.7

सुमारे 168. वडिलांपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. आजच्या 138 वर अजून तीस सेंटिमीटर.

रकाना चुकला तर काय होतं तेही बघा. बोन एज बरोबरीने असलेल्यांच्या रकान्यात अकराला 80.4 टक्के आहे. तो आकडा घेतला तर उत्तर 171.6 येतं. एका रकान्याच्या चुकीने घरच्यांना चार सेंटिमीटरचं खोटं आश्वासन मिळतं. अडीच वर्षं मागे असलेल्या मुलांत योग्य रकाना घेऊनही उत्तर थोडं जास्तच येतं, हा आम्हा सगळ्यांचा अनुभव. त्यामुळे मी त्यांना 168 सांगितलं नाही. ‘एकशे त्रेसष्ट ते एकशे अडुसष्टमध्ये कुठेतरी, वडिलांइतका नक्की’ असं सांगितलं.

कोपऱ्यात आजी बसली होती. ती इतका वेळ गप्प होती, तेव्हा म्हणाली, ‘याना बाप बी असाच व्हता. मॅट्रिकनंतर वाढना.’ बाप मॅट्रिकनंतर वाढला, हे तिचं वाक्य माझ्या दृष्टीने फिल्मइतकंच मोलाचं होतं. उशिरा वयात येणं बहुतेक वेळा घरातूनच आलेलं असतं. वडील दहावीच्या फोटोत पहिल्या रांगेत आणि बारावीच्या फोटोत मागच्या रांगेत असतील, किंवा आईची पाळी पंधरा-सोळाव्या वर्षी आली असेल, तर अर्धं निदान तिथेच झालं.

आमच्या शेजारच्या मुलालाही दाखवलं. तो तर याच्यापेक्षा उंच आहे, तरी तुम्ही नाराज का झालात?

नाराज नव्हतो, पण हो, त्यांना सांगताना शब्द जपून वापरले. त्याच आळीतला, त्याच वर्गातला तो मुलगा पावणेचौदा वर्षांचा, उंची 144. चोपड्याच्या आपल्या मुलापेक्षा सहा सेंटिमीटर उंच. त्याच्या घरचे ‘त्याला दाखवलं म्हणून आपणही दाखवू’ एवढ्यासाठी आले होते.

त्याला मिसरूड फुटू लागलं होतं, आवाज फाटला होता. फिल्ममध्ये अंगठ्याचं सुटं हाड ठळक होतं, तुकडे टोपीसारखे बसले होते, शेंड्यांच्या फटी बारीक झाल्या होत्या. बोन एज चौदा. त्या बोन एजला, वयाच्या बरोबरीने असलेल्या मुलाने सुमारे 92.7 टक्के उंची गाठलेली असते.

144 ÷ 0.927 = 155

वडील 158, आई 147, म्हणजे घराण्याचा आकडा 159. अंदाज त्याच्या कक्षेत बसतो. आजार काही नाही, घरच बुटकं आहे. त्याची वाढ अजून दहा-अकरा सेंटिमीटर, आणि ती बहुतांशी येत्या दोन वर्षांत होऊन जाणार.

शाळेच्या रांगेत आज जो मागे उभा राहतो, तो पाच वर्षांनी पुढे असेल. एक्स-रेची खरी किंमत एवढीच. फूटपट्टीवर दोघं सारखेच बुटके दिसतात. एकाच्या हातात वेळ आहे, दुसऱ्याच्या नाही, हे फिल्मशिवाय कळत नाही.

हा अंदाज किती पक्का समजायचा?

बोहल्यावर चढवण्याइतका नाही. बोन एज शंभर टक्के बरोबर वाचलं तरी अंदाज पाच सेंटिमीटरने इकडेतिकडे होऊ शकतो, क्वचित त्याहून जास्त. शिवाय तीच फिल्म दोन डॉक्टरांनी वाचली तर सहा महिन्यांचा फरक सहज पडतो.

दुसरं असं की तक्त्यांतली मुलं आपली नाहीत. ग्रॉयलिक-पाइलच्या फिल्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातल्या गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांच्या, आणि त्याही 1931 ते 1942 या काळातल्या. शहाद्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या पोराचा हात त्यांच्याशी महिन्याच्या हिशोबात जुळवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगावर चढवणं. साधारण बसतो, पण शिवण कुठेतरी ताणते. म्हणून ‘बोन एज अकरा वर्षं चार महिने’ अशा रिपोर्टमधल्या त्या चार महिन्यांकडे मी लक्ष देत नाही.

मूल जितकं लहान तितका अंदाज कच्चा. सहा-सात वर्षांखाली मी उंचीचं भाकीत करतच नाही.

बोन एज मागे म्हणजे वाढ शिल्लक. मग ही चांगलीच बातमी ना?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

एक्स-रे हाड मागे आहे एवढंच सांगतो, का मागे आहे ते सांगत नाही. थायरॉइड मंद असेल, वाढीचं संप्रेरक कमी असेल, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार असेल, मूत्रपिंड बिघडलं असेल, पोटभर खायला मिळत नसेल, तरी बोन एज मागेच पडतं. नंदुरबारकडून, सातपुड्याच्या पट्ट्यातून भिल्ल आणि पावरा समाजातली मुलं येतात, त्यांच्यात सिकलसेल लक्षात ठेवावाच लागतो. त्या आजारातही मूल बुटकं, बारीक, वयात उशिरा येणारं आणि बोन एजने मागे असतं. फिल्म या सगळ्यांची सारखीच दिसते.

एक मुलगी आली होती, साडेदहा वर्षांची, उंची 118. बोन एज साडेसहा. आधी दाखवलं त्या ठिकाणी फिल्म पाहून सांगितलं होतं की हाडं चार वर्षं मागे आहेत, भरपूर वाढेल, थांबा. घरचे दीड वर्ष थांबले. तक्त्याने हिशोब केला असता तर तिची अंतिम उंची चांगली देखणी आली असती. पण शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर वर्षभरापूर्वीची उंची 116 होती. वर्षात दोन सेंटिमीटर! चेहरा सुजट, कातडी कोरडी, तीन-चार दिवसांनी एकदा शौचाला, आणि वजन मात्र कमी नाही. थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं टीएसएच शंभराच्या वर. थायरॉइड जवळजवळ बंद पडलेली होती.

गोळी सुरू केल्यावर ती झपाट्याने वाढू लागली, पण हाडंही तितक्याच झपाट्याने पिकू लागली. थांबण्यात गेलेलं दीड वर्ष पूर्ण भरून निघत नाही. शिल्लक वाढ ही बँकेतली ठेव नाही. वाढ घडवणारी संप्रेरकं जागेवर असतील तरच ती वठते.

म्हणून फिल्मपेक्षा आधी मी वाढीचा वेग बघतो. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढतं. वयात यायच्या अगदी आधी वेग थोडा मंदावतो, उशिरा येणाऱ्या मुलांत जास्तच. चारच्या खाली वेग गेला तर बोन एज काहीही असो, तपासण्या व्हायलाच हव्यात. चोपड्याच्या मुलाच्या घरी दाराच्या चौकटीवर दर पाडव्याला पेन्सिलची रेघ मारायची पद्धत होती. वडिलांनी टेपने मोजून सांगितलं, दोन दिवाळ्यांमधलं अंतर साडेचार सेंटिमीटर. तरीही त्याचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि सिलिॲकची टीटीजी चाचणी केलीच. सगळं ठीक आलं, तेव्हा कुठे ‘थांबू’ म्हणालो.

टीटीजीबद्दल एक. चाचणीआधी पोळ्या, बट्ट्या बंद करू नका. गहू बंद केलेल्या मुलात ही चाचणी खोटी चांगली येते. नुसत्या कळण्याच्या भाकरीवर वाढणारं पोर असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

मुलीला पाळी आली आहे, उंची 143 आहे. आता एक्स-रे काढून उपयोग?

उपयोग आहे, पण फार उशिरा आलात हे आधी सांगतो. मुलींची वाढ पाळीच्या आधी जोरात होते, पाळी आल्यावर ती उतरणीला लागलेली असते. पाळीच्या वेळी बोन एज बहुधा तेराच्या आसपास असतं आणि त्या वेळी सुमारे 96 टक्के उंची झालेली असते. 143 वर आणखी पाच-सात सेंटिमीटर. चौदाच्या बोन एजला 98 टक्के.

मुलगी बुटकी असेल तर दहाव्या वर्षाच्या आत आणा, ‘पाळी आल्यावर वाढेल’ म्हणून थांबू नका. आणि मुलींत एक गोष्ट वेगळी तपासतो. कारण सापडत नसेल तर टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलींमधला जन्मजात गुणसूत्रदोष, आहे का ते पाहायला रक्तातल्या गुणसूत्रांची चाचणी करतो. या दोषाची कधीकधी पहिली खूण याच फिल्मवर दिसते. करंगळीशेजारच्या बोटाचं तळहातातलं हाड आखूड असतं. मूठ वळली की तिथला उंचवटा गायब, खळगा दिसतो.

रिपोर्ट आणताना कुठे चुका होतात?

पहिली चूक तारखेची. बोन एजची तुलना खऱ्या वयाशी करायची असते. आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लावली. आताच्या मुलांना जन्मदाखले आहेत, पण शाळेत लवकर घालायला म्हणून वय पुढेमागे केलेलं अजूनही सापडतं. एका मुलाचं बोन एज दीड वर्ष मागे निघालं. आईला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, ‘साहेब, शाळेसाठी दहा महिने जास्त लावले होते.’ म्हणजे खरा फरक जेमतेम आठ महिन्यांचा. दाखला ग्रामपंचायतीचा आणा, शाळेचा नको.

दुसरी चूक फिल्मची. बोटं किंचित विलग, तळवा पूर्ण टेकलेला, मधलं बोट कोपराच्या रेषेत, आणि मनगटाच्या वरची दोन्ही हाडं दोन-तीन बोटं तरी आलेली, असं हवं. घाईत नुसता पंजाच काढून देतात. मनगट कापलं गेलं की सगळ्यात शेवटी बुजणारी फटच दिसत नाही, आणि मोठ्या मुलात तीच तर महत्त्वाची.

तिसरी चूक रिपोर्टच्या भाषेची. ‘वय 10 ते 12 च्या दरम्यान’ असं लिहून आलं तर ते कोर्टकचेरीच्या वयनिश्चितीच्या वळणाने लिहिलेलं आहे. उंचीसाठी कोणत्या अ‍ॅटलासने वाचलं आणि एक आकडा काय, हे लागतं. म्हणून नुसता कागद आणू नका, फिल्म किंवा सीडी आणा. आम्ही ती स्वतः वाचतो. जुनी फिल्म असेल तर तीही आणा, फेकू नका. दोन फिल्म शेजारी ठेवल्या की जे कळतं ते एकीत कळत नाही.

एक्स-रेच्या किरणांचा त्रास? परत कधी काढायचा?

मनगटाच्या एका फिल्मला इतकी कमी किरणं लागतात की जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला दिवसभरात आपोआप मिळतात ती त्याहून जास्त असतात. काळजी करू नका. पण वर्षाच्या आत पुन्हा काढायची सहसा गरज नसते. सहा महिन्यांत हाडांत जेवढा बदल होतो, तेवढी चूक वाचण्यातच होऊ शकते.

औषध देऊन फटी उघड्या ठेवता येतात का? पावडर, इंजेक्शन?

टीव्हीवरच्या पावडरींनी वजन वाढतं, खिसा हलका होतो. लटकण्याने, सायकलची सीट उंच करण्याने ग्रोथ प्लेटवर काही परिणाम होत नाही.

धोका दुसरीकडे आहे. जिमच्या ओळखीने किंवा कोणा अर्धवट माहितगाराच्या सल्ल्याने ‘उंचीची गोळी’ म्हणून ॲनाबॉलिक स्टेरॉइड दिली जाते. सहा महिने पोरगं छान वाढतं, अंग भरतं, घरचे खूश. फिल्म काढली की बोन एज दोन वर्षं पुढे उडालेलं. आज दिसलेली वाढ उद्याच्या वाढीतून उधार घेतलेली असते.

वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं ज्याला त्याची कमतरता आहे, टर्नर आहे, किंवा अशी ठरावीक कारणं आहेत, त्याच्यासाठी. उशिरा वयात येणाऱ्या निरोगी मुलाला त्यांची गरज नसते. चौदा वर्षं उलटूनही वयात येण्याची सुरुवातच नसेल आणि मुलगा वर्गातल्या चिडवण्याने शाळा टाळत असेल, तर टेस्टोस्टेरॉनची अगदी कमी मात्रा महिन्यातून एकदा, तीन ते सहा महिने देतात. त्याने गाडी स्टेशनातून लवकर सुटते, शेवटचं स्टेशन बदलत नाही. हे मुलाला स्वतःला समजावून सांगावं लागतं, कारण त्याला शेवटचंच स्टेशन हवं असतं.

चोपड्याच्या त्या मुलाचं पुढे काय झालं?

पहिल्या भेटीत त्याच्या वृषणाचा आकार मण्यांच्या माळेशी ताडून पाहिला होता. 4 मिलिलिटर, म्हणजे वयात येण्याची नुकती चाहूल. तेवढ्यावर इंजेक्शन टाळलं आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं.

सव्वा वर्षाने, पावणेपंधराव्या वर्षी तो 146 झाला. आठ सेंटिमीटर. दुसरी फिल्म काढली, अंगठ्याचं सुटं हाड आलं होतं. बोन एज तेरा. म्हणजे सव्वा वर्षात हाडं दोन वर्षं पुढे सरकली. वयात येताना असंच होतं, आणि म्हणूनच सुरुवातीचा मोठा आकडा छापील धरायचा नसतो. मागे असलेल्यांच्या रकान्यात तेराला 88 टक्के.

146 ÷ 0.88 = 165.9

168 चे 166 झाले. वडिलांनी दोन सेंटिमीटर कुठे गेले म्हणून विचारलं. मी त्यांना त्यांचीच उंची दाखवली, 165. ते हसले, मग पोराला पाठीशी पाठ लावून उभं केलं आणि म्हणाले, ‘अजून एक वीत बाकी आहे.’ वीत त्यांच्याच हाताची मोजली, तेव्हा वीस सेंटिमीटर भरली.